मोडलं कुठे, ते दिसलं पाहिजे

चौथी टाकी लावली आणि रॉकेट जागचं हललंच नाही. इंजिन पेटलं होतं, खालून आग ओकत होतं, धूर पसरत होता, पण रॉकेट जवळजवळ पन्नास सेकंद तसंच उभं राहिलं. मग अगदी सावकाश, लिफ्ट सुटावी तसं वर सरकायला लागलं. माझी अकरावीतली भाची पडद्याकडे बघत म्हणाली, "मामा, इंधन वाढवलं तर हे जास्त वर जायला हवं ना?" आदल्या दिवशी तिचं तीन टाक्यांचं रॉकेट कक्षेत पोचायला थोडक्यात कमी पडलं होतं. तेवढी उणीव भरून काढायला म्हणून तिने एक टाकी वाढवली होती.

हा प्रसंग 'कर्बल स्पेस प्रोग्रॅम' या गेममधला. यंत्रं रचायची, चालवून बघायची, मोडली की पुन्हा रचायची अशा गेमची आता चांगली मोठी परंपरा झाली आहे. १९९३च्या सुमारास 'दि इन्क्रेडिबल मशीन'मध्ये पट्टे, कप्प्या आणि चेंडू जोडून विचित्र यंत्रं बनवता येत. २००८ साली स्वीडनच्या उमिओ विद्यापीठात एमिल एर्नेरफेल्ड्ट या विद्यार्थ्याने पदव्युत्तर प्रबंधासाठी 'फुन' लिहिलं आणि त्यातून पुढे 'अल्गोडू' झालं. २०११ला 'कर्बल' आलं, २०१५ला 'बिसीज', २०१६ला 'पॉली ब्रिज'. जर्मनीत ब्रेमेनला बनलेल्या 'बीमएनजी ड्राइव्ह'मध्ये गाडी आदळली की तिचा पत्रा खरोखर चुरगळतो. या गेमचं परीक्षण लिहिताना लोक बहुधा विचारतात, हे खऱ्यासारखं आहे का? इतकी वर्षं हे गेम खेळून आणि मुलांना खेळताना बघून मला तो प्रश्न दुय्यम वाटायला लागला आहे. यंत्र हमखास मोडणार. ते का मोडलं, हे गेम सांगतो का? सांगत नसेल, तर निदान शोधून काढता येतं का? माझ्या मते या कलेची खरी परीक्षा इथे होते.

भाचीचं रॉकेट आपण वहीवर मांडून बघू. माथ्यावर एका माणसाची कुपी, छत्री आणि जोडकाम, सगळं मिळून साधारण १ टन. खाली 'स्विव्हल' नावाचं इंजिन, दीड टनाचं. मध्ये `FL-T800` टाक्या. अशी एक टाकी भरलेली साडेचार टन आणि रिकामी अर्धा टन, म्हणजे आत चार टन इंधन. तीन टाक्यांचं रॉकेट भरलं की १६ टन आणि रिकामं झालं की ४ टन. रॉकेट एकूण किती वेग कमावू शकेल, ते त्सिओल्कोव्हस्कीने १९०३ साली प्रसिद्ध केलेल्या समीकरणातून निघतं:

`Δv = Isp × 9.81 × ln(m0/m1)`

`Isp` म्हणजे इंजिन इंधनाचा किती चांगला उपयोग करतं त्याचं माप. स्विव्हलचं ते निर्वातात ३२० आहे. भरलेल्या आणि रिकाम्या वजनाचं गुणोत्तर ४, त्याचा नैसर्गिक लॉगॅरिदम १.३९. गुणाकार केला की सुमारे ४,३५० मीटर प्रति सेकंद मिळतात. गेममधल्या कर्बिन ग्रहाच्या कक्षेत पोचायला सुमारे ३,४०० लागतात. म्हणजे कागदावर तीन टाक्या पुरून उरतात. चौथी टाकी लावली की हा आकडा ४,७६०वर जातो. रचनेच्या पडद्यावर आकडा वाढताना भाचीने पाहिला होता आणि त्यावर विश्वास ठेवला होता.

पण हे समीकरण जमिनीबद्दल काहीच बोलत नाही. हवेच्या दाबाखाली स्विव्हलचा रेटा १६८ किलोन्यूटन भरतो. तीन टाक्यांच्या रॉकेटचं वजन १५७ किलोन्यूटन, म्हणजे उचलायला जेमतेम ११ शिल्लक. चार टाक्यांचं वजन २०१. रेटा कमी आणि वजन जास्त, मग उठणार कसं? इंजिन दर सेकंदाला सुमारे ६८ किलो इंधन जाळत होतं. रॉकेट १७.१ टनांपर्यंत हलकं होईस्तोवर, म्हणजे ३.४ टन इंधन जळेस्तोवर, ते जमिनीलाच खिळून राहणार होतं. त्यालाच ते पन्नास सेकंद लागले. हौसेने लावलेल्या चौथ्या टाकीतलं जवळजवळ सगळं इंधन जमीन सोडण्याआधीच संपलं होतं. शिवाय उठल्यावरही रांगतच जायचं, आणि रांगताना गुरुत्वाकर्षण दर सेकंदाला ९.८ मीटरचा वेग कापून घेत राहतं. तीन टाक्यांचं रॉकेट कमी पडलं तेही याच वजावटीमुळे.

हे तिला सांगून टाकायचा मोह मी आवरला आणि तिला फक्त वजनं लिहून काढायला सांगितली. वहीत २०१ आणि १६८ हे आकडे शेजारी शेजारी आले तेव्हा ती काही वेळ गप्प होती. मग तिने टाक्या काढायला सुरुवात केली. शेवटी तिने रॉकेटचे दोन टप्पे केले. वर कुपी, अर्ध्या टनाचं 'टेरियर' इंजिन आणि अर्धी टाकी, `FL-T400`. खाली स्विव्हल आणि एकच `FL-T800`. सगळं मिळून ९.८ टन. वरचा टप्पा २,५८० मीटर प्रति सेकंद देतो आणि खालचा, हवेत किती उंचीपर्यंत जळतो त्यानुसार, १,३०० ते १,६५०. बेरीज जवळपास तीन टाक्यांच्या रॉकेटइतकीच, पण इंधन १२ टनांऐवजी ६ टन. उठताना रेटा वजनाच्या पावणेदोन पट. रिकामी झालेली टाकी आणि जड इंजिन वाटेत टाकून दिलं की उरलेल्या इंधनाला त्यांचं ओझं वाहावं लागत नाही, एवढीच यातली युक्ती. पाठ्यपुस्तकात ती दोन ओळींत येते. तिला ती सापडली ती निम्म्या इंधनात पोचलेलं रॉकेट बघून.

आता टीका. हा गेम मला फार आवडतो, म्हणूनच ती करावीशी वाटते. `Δv`चा आकडा मूळ गेममध्ये आला तो २०१८ अखेरच्या १.६ या आवृत्तीत. पूर्ण आवृत्ती २०१५ची. मधली सगळी वर्षं खेळाडू एक तर वहीवर हिशेब करत किंवा इतरांनी लिहिलेली जोड-साधनं वापरत. कित्येकांनी नुसते अंदाज बांधले, टाक्या वाढवत गेले आणि रॉकेटं कोसळताना बघून हसले. ते हसणं मी नावं ठेवण्यासारखं मानत नाही, पण त्यातून शिकायला फार थोडं मिळतं. आणि आकडा आल्यावरही आधी नजरेला पडतो तो वेगाचा. रेटा आणि वजन यांचं गुणोत्तर टप्प्याची खूणचिठ्ठी उघडल्यावर दिसतं. भाची फसली ती नेमकी याच फटीत. एकच आकडा ठळक दाखवला की विद्यार्थी त्या आकड्यासाठीच रचना करतो.

याच गेममधली एक तडजोड मात्र मला फार शहाणपणाची वाटते. कर्बिनची त्रिज्या फक्त ६०० किलोमीटर आहे, पृथ्वीची ६,३७१, आणि तरी पृष्ठभागावरचं गुरुत्वाकर्षण सारखंच. असा ग्रह खरा असता तर पृथ्वीच्या दहापट घन असायला हवा होता. हे चूक आहे म्हणून नाक मुरडणारे बरेच भेटतात. पण गेममधल्या टाक्याही खऱ्यापेक्षा फार जड आहेत. इंधनाच्या आठव्या हिश्शाइतकं वजन नुसत्या पत्र्याचं. अमेरिकी स्पेस शटलची बाहेरची टाकी शेवटच्या रूपात रिकामी सुमारे साडेसव्वीस टन होती आणि तिच्यात सातशे टनांहून जास्त इंधन मावत असे. गेममधल्या टाक्या आणि स्विव्हल घेऊन खऱ्या पृथ्वीवरून निघालात, तर एकाच टप्प्यात कितीही टाक्या लावा, ६,९०० मीटर प्रति सेकंदांच्या पुढे जाताच येत नाही, कारण नुसत्या टाकीचंच गुणोत्तर ९ आहे. पृथ्वीच्या कक्षेला सुमारे ९,४०० लागतात. ग्रह लहान केला, टाक्या जड केल्या, आणि अडचणीचा आकार होता तसा ठेवला. टप्पे करावेत की नाही, इंजिन कुठलं, इंधन किती, या निर्णयांची ओढाताण खऱ्या रॉकेटसारखीच राहिली. प्रमाण बदलूनही प्रश्न खरा ठेवणं हे मला वास्तवाच्या हुबेहूब नकलेपेक्षा अवघड काम वाटतं.

पुलांच्या गेममध्ये नेमकी याच्या उलट गत आहे. तिथे सगळं दिसायला खरं, पण मोडण्याचं एक मुख्य कारणच गाळलेलं. 'पॉली ब्रिज'मध्ये दांडे जोडून त्रिकोणांची कैची उभी करायची, बजेट सांभाळायचं आणि वरून गाड्या जाऊ द्यायच्या. ताण वाढत जाईल तसा दांडा हिरव्याचा लाल होतो. कुठे मोडणार ते आधीच डोळ्यांना दिसतं, म्हणून दहा वर्षांचं मूलही पाच मिनिटांत चौकोनाला कर्ण घालायला शिकतं. हे यश लहान नाही. पण एक प्लॅस्टिकची फूटपट्टी घ्या. दोन्ही टोकं धरून ओढा. काही होत नाही. आता तीच टेबलावर उभी धरून वरून दाबा. मध्येच बाक येऊन ती निसटते, प्लॅस्टिकला ओरखडाही न पडता. मग पट्टी अर्ध्यावर धरून दाबा. खूप जास्त जोर लावावा लागतो. सडपातळ दांडा दाबाखाली असा वाकून निकामी होतो, तेव्हा त्याची ताकद लांबीच्या वर्गाच्या उलट प्रमाणात बदलते. लांबी निम्मी, तर ताकद चौपट. ऑयलरने अठराव्या शतकात हे मांडलं. आपल्याकडे पत्र्याच्या शेडची कैची उभारणारा फॅब्रिकेटर लांब दाबदांड्याच्या मध्ये आडवा अँगल घालतो तो याचसाठी. करमणुकीच्या बहुतेक पूल-गेममध्ये ओढ आणि दाब यांत फरकच नसतो. ठरावीक बल ओलांडलं की दांडा तुटला. त्यामुळे तिथे शिकलेला विद्यार्थी वरची दांडी आणि खालची दांडी एकाच मापाची लावतो, आणि त्यात काही चुकलं असं त्याला वाटतही नाही.

म्हणूनच दिसायला साध्या, काहीशा जुनाट वाटणाऱ्या 'ब्रिज डिझायनर'चं मोल मी जास्त मानतो. वेस्ट पॉइंटच्या अमेरिकी लष्करी अकादमीत स्थापत्य अभियांत्रिकी शिकवणाऱ्या स्टीफन रेसलर यांनी तो शाळकरी मुलांसाठी तयार केला. २००२पासून बरीच वर्षं त्यावर स्पर्धा होत. फुकट मिळतो. चालत्या ट्रकखाली ओढीतले दांडे निळे होतात आणि दाबातले तांबडे, म्हणजे बल किती यासोबत ते कोणत्या दिशेचं तेही कळतं. पण त्याचं खरं बळ एका छोट्या आलेखात आहे. कुठलाही दांडा निवडला की लांबीनुसार त्याची ताकद दाखवणाऱ्या दोन रेषा येतात. ओढीची रेषा सपाट, लांबी कितीही असली तरी तीच. दाबाची रेषा मात्र लांबी वाढेल तशी घसरत जाते. फूटपट्टीचा सगळा धडा त्या दोन रेषांत आहे.

मग खरी रचना सुरू होते. वरची दांडी दाबात आहे आणि लांब आहे, म्हणून मोडते. जाड करावी तर पोलाद वाढतं. मध्ये सांधा घालून लांबी तोडावी तर सांध्याचे पैसे आणि त्या सांध्याला आधार देणारे नवे दांडे. भरीव सळईऐवजी पोकळ नळी घ्यावी तर तेवढंच पोलाद मध्यापासून लांब सरकतं आणि बाक यायला जास्त विरोध होतो, पण नळी किलोमागे महाग. म्हणजे ओढीत सळई आणि दाबात नळी. वेगवेगळी मापं वापरली की प्रत्येक नव्या मापाचाही खर्च लागतो, त्यामुळे प्रत्येक दांड्याला शोभेल ते माप शिवून देता येत नाही. एवढ्या चार गोष्टींच्या ओढाताणीतून पुलाचा आकार ठरतो, आणि बदललेल्या प्रत्येक गोष्टीचा परिणाम रुपयासारखा मोजून समोर येतो. कडेला सूर्यास्त नाही, संगीत नाही. मला त्याची उणीव कधी भासली नाही.

आता या गेममधल्या सर्वात फसव्या अपयशाकडे येतो. यंत्र मोडतं, पण दोष रचनेचा नसतो. दोष गणिताचा असतो. 'बिसीज'मध्ये गोफण-यंत्र, फिरती करवत, पंख मारणारं विमान, काय वाटेल ते बांधता येतं. पण लांब हात करून टोकाला जड वजन लावलं की हात रबरासारखा लोंबतो, थरथरतो, आणि कधी कधी सगळं यंत्र एकदम उधळतं. खेळाडू आधार लावत सुटतो. 'कर्बल'मध्येही उंच रॉकेट उसासारखं डोलतं आणि लोक त्याला तारांसारखे आधार बांधतात.

कारण असं. संगणक बलं सलग मोजत नाही, टप्प्याटप्प्याने मोजतो. असे बरेच गेम ज्या इंजिनावर उभे आहेत त्यात ठरवून न बदलल्यास सेकंदाला ५० वेळा. दोन मोजण्यांच्या मध्ये संगणक डोळे मिटून चालतो. सांधा स्प्रिंगसारखा धरला, तर ती स्प्रिंग एका पावलात पलीकडे निघून जाण्याइतकी ताठ असता कामा नये. गेली, तर पुढच्या पावलाला ती जास्त जोराने उलट ओढते, त्यापुढच्याला आणखी जोराने, आणि यंत्राच्या चिंधड्या उडतात. हिशेब सोपा आहे. पाऊल ०.०२ सेकंदाचं आणि वजन १ किलोचं असेल, तर सरळसाध्या पद्धतीने मोजताना स्प्रिंगची ताठरता १०,००० न्यूटन प्रति मीटरच्या पुढे नेता येत नाही. म्हणजे दहा किलोचं ओझं टांगलं की सांधा एक सेंटिमीटर ताणणार. पोलादाचा सांधा असा नसतो. 'बीमएनजी' सेकंदाला २,००० वेळा मोजतं. पावलं चाळीस पट झाली की परवडणारी ताठरता चाळीसच्या वर्गाने, म्हणजे १,६०० पट वाढते. तिथली गाडी रबराची न वाटता पत्र्याची वाटते त्यामागे हे आहे. त्याची किंमत अशी की एका वेळी थोड्याच गाड्या चालवता येतात आणि संगणक तापतो. 'बिसीज'सारखे गेम सांधे स्प्रिंग म्हणून न धरता एकेक करून जुळवत जातात. तिथे उधळण्याचा धोका कमी, पण एक सांधा जुळवला की शेजारचा थोडा बिघडतो. ठरावीक फेऱ्यांत जेवढं जमलं तेवढं, उरलेली चूक लोंबकळण्यात दिसते. सांध्यांची साखळी जितकी लांब आणि टोकाचं वजन जितकं जड, तितकी ती जास्त.

विद्यार्थ्याला हे ओळखता यायला हवं आणि त्यासाठी एक साधी चाचणी आहे. यंत्र सपाट जमिनीवर ठेवा, काहीही चालू करू नका आणि नुसतं बघा. खरी वस्तू अशी ठेवली की निश्चल राहते, फार तर एकदा बसते आणि थांबते. ती आपोआप थरथरत असेल आणि थरथर वाढत असेल, तर ती ऊर्जा कुठल्या मोटरमधून आलेली नाही, हिशेबातून आली आहे. दुसरी चाचणी साखळीची. तोच हात दहा ठोकळ्यांऐवजी एका लांब ठोकळ्याचा करा. वजन तेवढंच ठेवूनही लोंबणं नाहीसं झालं, तर तुमची रचना ठीक होती. बहुतेक गेम हा फरक सांगत नाहीत. उलट लटपट हा विनोदाचा भाग म्हणून मिरवतात. मला यात विद्यार्थ्याचं नुकसान दिसतं. तासभर खपून जो आधार त्याने शोधला, तो लोखंडाचा धडा नसतो, त्या एका गेमचा असतो, आणि दोन्ही एकाच चवीने त्याच्या मनात बसतात.

'अल्गोडू'ची शिफारस करायची ती याच कारणासाठी. ते सपाट आहे, द्विमितीय आहे, त्यात मोहीम नाही, गुण नाहीत. पण कुठल्याही वस्तूवरची बलं आणि वेग बाणांनी दाखवता येतात आणि त्याच जागी आलेख काढता येतो. झोका सोडला आणि त्याच्या ऊर्जेचा आलेख हळूहळू चढायला लागला, तर विद्यार्थ्याला कळतं की इथे निसर्ग नव्हे, मोजणी चुकते आहे. यंत्राच्या शेजारी मोजपट्टी ठेवणारे गेम अजून फार थोडे आहेत.

आणि ज्याचा मागमूसही यांतल्या बहुतेक गेममध्ये नाही असं बरंच आहे. भोकं नेहमी तंतोतंत जुळतात. बोल्ट सैल होत नाही. हजारदा वाकवलेला दांडा पहिल्यांदा वाकवल्याइतकाच ताजा असतो. माझ्या ओळखीचे एक टर्नर म्हणायचे की शाफ्ट आणि बेअरिंगमधली जागा केसाएवढी चुकली तरी यंत्र दिवसभर कुरकुरत राहतं. ती कुरकुर ऐकवणारा गेम मला अजून भेटलेला नाही. तो बनवणं सोपं नाही, हेही मान्य. पण इतक्या वर्षांत कैची आणि रॉकेट यांच्यापलीकडे, झीज आणि मापातली सूट यांच्याकडे, फार कमी जण वळले आहेत.

भाचीने आता एक वही केली आहे. पानावर तीन रकाने: आधीचा अंदाज, प्रत्यक्ष झालेलं आणि फरक कशाने. पहिल्या पानावर चार टाक्यांचं रॉकेट आहे, पन्नास सेकंदांच्या हिशेबासकट. सध्या ती 'बिसीज'मध्ये लांब हाताची गोफण बांधते आहे. परवा मी वही चाळली, तेव्हा शेवटच्या ओळीत तिसऱ्या रकान्यात लिहिलं होतं: "रिकामी उभी असतानाच हलते. माझी चूक की त्यांची? उद्या एका ठोकळ्याचा हात लावून बघायचं."